ऑफिसातली अंतर्गत समिती: तक्रार कोणी करायची, कधीपर्यंत करायची आणि पुढे नक्की काय होतं

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर मी बाहेरची सदस्य म्हणून बसते, आणि तिथे येणाऱ्या बायकांना पहिला प्रश्न विचारावा लागतो तो "काय झालं" हा नाही, तर "शेवटचं कधी झालं" हा. ऐकायला कोरडं वाटतं, पण अर्ध्या तक्रारी इथेच अडकतात. म्हणून या लेखात सगळा पॉश, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा सांगत बसणार नाही, एकच तक्रार घेऊन ती तारखांसकट शेवटपर्यंत नेऊन दाखवते, मधेमधे जिथे गोंधळ होतो तिथे थांबू.

थोडी पार्श्वभूमी, पटकन. १९९७ साली सुप्रीम कोर्टाने विशाखा निकालात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यावरून २०१३ चा कायदा आला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून तो लागू आहे, त्याच दिवशी त्याचे नियमही आले. जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे मालकाने लेखी आदेश काढून अंतर्गत समिती नेमायचीच. एकाच कंपनीच्या पुण्यात, नाशकात आणि पणजीत ब्रँच असतील तर प्रत्येक ठिकाणी समिती हवी, "हेड ऑफिसला आहे ना" हे चालत नाही.

आता समजा अशी केस आहे. चाकणच्या एका कारखान्यात एक मुलगी डेटा एन्ट्रीचं काम करते, पण तिचा पगार कंपनी देत नाही, लेबर कॉन्ट्रॅक्टर देतो. कंपनीचा पक्का सुपरवायझर तिला फेब्रुवारी २०२६ पासून रात्री व्हॉट्सअॅपवर नको ते मेसेज टाकतोय, ती उत्तर देत नाही. मग शनिवारी १८ एप्रिलला कंपनीची लोणावळ्याची पिकनिक, परतीच्या बसमध्ये तो शेजारी येऊन बसतो आणि हात लावतो. त्यानंतर मेसेज बंद, पण तिची शिफ्ट बदलली जाते. ती दोन महिने गप्प बसते, मग मैत्रिणीला सांगते.

तिला जाता येतं का

कॉन्ट्रॅक्टवरच्या बायका इथेच हार मानतात, कारण कोणीतरी सांगतं की "तू आमच्या रोलवर नाहीस". साफ चूक. कायद्यात कर्मचारी म्हणजे पर्मनंट, टेम्पररी, रोजंदारीवरची, कॉन्ट्रॅक्टरमार्फत आलेली, ट्रेनी, अॅप्रेंटिस, प्रोबेशनवरची, अगदी बिनपगारी स्वयंसेवकसुद्धा. आणि तक्रार करणारी बाई तिथे नोकरीलाच असली पाहिजे असंही नाही, कुठल्याही वयाची बाई, ग्राहक म्हणून आलेली असो की इंटरव्ह्यूला आलेली, त्या कामाच्या ठिकाणी छळ झाला असेल तर ती तक्रार करू शकते. नोकरी सोडलेली बाईही करू शकते, फक्त मुदत पाळून.

दुसरी शंका बसची. पिकनिक म्हणजे ऑफिस थोडंच, असं सुपरवायझर म्हणणार हे नक्की. पण कामानिमित्त किंवा काम चालू असताना जिथे जिथे जावं लागतं ती सगळी जागा कामाचं ठिकाण धरतात, आणि मालकाने दिलेली गाडी तर कायद्यात नाव घेऊन लिहिलेली आहे. रात्रीचे मेसेजही, कामाच्या संबंधातून आलेले असले तर, घरी वाचले म्हणून सुटत नाहीत.

पुरुषाला मात्र या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. काही कंपन्यांनी आपल्या पॉलिसीत सगळ्यांना जागा दिलीय, तिथे त्या पॉलिसीप्रमाणे चालतं, पण ते कंपनीच्या मर्जीवर. कॉलेजातल्या विद्यार्थिनींसाठी यूजीसीचे २०१५ चे वेगळे नियम आहेत, तिथल्या समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही असतात, त्यात आत्ता शिरत नाही.

समोरचा माणूस दुसऱ्याच कंपनीचा किंवा खात्याचा असेल तर काय, यावर बरीच वर्षं "आमच्याकडे नको, त्याच्याकडे जा" अशी टोलवाटोलवी चालायची. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने यावर निकाल दिला, की तक्रारदार बाईच्या स्वतःच्या खात्याची समितीही दुसऱ्या खात्यातल्या माणसाविरुद्धची तक्रार ऐकू शकते, चौकशी करून अहवाल त्याच्या मालकाकडे पाठवायचा, कारवाई त्याने करायची. आपल्या केसमध्ये हा प्रश्नच नाही, सुपरवायझर कंपनीचा आहे, त्यामुळे ती सरळ कंपनीच्या समितीकडे जाईल, कॉन्ट्रॅक्टरकडे नाही.

आणि समितीच नसेल तर? दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या बायकांसाठीही हीच. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे विचारलं की पत्ता मिळतो. तालुका पातळीवर नोडल अधिकारी नेमायचा असतो, त्याच्याकडे तक्रार दिली तर त्याने सात दिवसांत ती स्थानिक समितीकडे पोचवायची. केंद्र सरकारचं शी-बॉक्स पोर्टलही आहे, shebox.wcd.gov.in, तिथे टाकलेली तक्रार संबंधित समितीकडे जाते, म्हणजे चौकशी पोर्टल करत नाही, समितीच करते.

सगळ्यात महत्त्वाची मुदत

घटना घडल्यापासून तीन महिन्यांत लेखी तक्रार. घटना एकामागून एक असतील तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने. बाईला येता आलं नाही असं काही कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण कारण लेखी नोंदवून. म्हणजे जास्तीत जास्त सहा महिने, त्याच्या पुढे समितीच्या हातात काही नाही.

आपल्या मुलीची शेवटची घटना १८ एप्रिलची. म्हणजे १८ जुलै २०२६ पर्यंत ती हक्काने तक्रार देऊ शकते, त्यानंतर १८ ऑक्टोबरपर्यंत समितीला पटवून. ती ६ जुलैला देते, म्हणजे मुदतीत. फेब्रुवारीचे मेसेज तीन महिन्यांच्या बाहेर गेले म्हणून सोडून द्यायचे नाहीत, ते त्याच मालिकेतले आहेत, सगळे लिहायचे.

शिफ्ट बदलली ती मे महिन्यात, मग तीच शेवटची घटना धरता येईल का? इथे जपून. कोलकात्याच्या विधी विद्यापीठातल्या कुलगुरूंविरुद्धच्या एका केसमध्ये असंच झालं. छळाची शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार दिली २६ डिसेंबर २०२३ ला. तक्रारदाराचं म्हणणं होतं की ऑगस्टमध्ये मला पदावरून काढलं तोही त्याचाच भाग. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते मान्य केलं नाही, ती प्रशासकीय कारवाई होती, लैंगिक छळाची कृती नव्हे असं म्हटलं आणि तक्रार मुदतबाह्य ठरली. कोर्टाने पुढे हेही सांगितलं की कृत्य करणाऱ्याला माफ करता येईल पण कृत्य विसरता कामा नये, आणि निकाल कुलगुरूंच्या बायोडाटात नोंदवायला लावला, पण चौकशी काही झाली नाही. म्हणून शिफ्ट, अप्रेझल, बदली या गोष्टी तक्रारीत जरूर लिहा, सूड म्हणून लिहा, पण मुदत मोजायची ती शेवटच्या मेसेजपासून, शेवटच्या स्पर्शापासून, शेवटच्या शेऱ्यापासून.

माझं स्पष्ट मत सांगते, ही मुदत फार तोकडी आहे, आणि समितीने कारण नोंदवून वाढवायला कचरायचं कारण नाही. पण वाढवायची तर बाईने तसं कारण लेखी द्यायला हवं, आजारपण, भीती, नोकरी जाण्याची धमकी, जे खरं असेल ते. नुसतं उशिरा देऊन टाकलं आणि समितीने काही न लिहिता घेतलं की पुढे समोरचा माणूस कोर्टात तेवढाच मुद्दा धरून बसतो.

तक्रार कशी लिहायची

तोंडी सांगून भागत नाही, लेखीच हवी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे, मराठीत लिहिली तरी चालते. नियमात सहा प्रती मागितल्यात, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. ईमेलने पाठवली तर बहुतेक समित्या घेतात, पण पोच मागून घ्या, कारण पुढच्या सगळ्या तारखा त्या दिवसापासून मोजल्या जातात.

मजकूर असा हवा की वाचणाऱ्याला तारीख, जागा, काय केलं, काय बोलला, कोण होतं हे कळावं. "तो माझ्याशी नीट वागत नाही" हे लिहून समितीला काही करता येत नाही. "१८ एप्रिलला संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मागून तिसऱ्या सीटवर, मी नको म्हटल्यावरही, मांडीवर हात ठेवला, पुढच्या सीटवर अमुक होती" हे लिहिलं की करता येतं. शब्द घाणेरडे असले तरी जसेच्या तसे लिहा. मेसेजचे स्क्रीनशॉट काढा पण मूळ चॅट डिलीट करू नका, फोन बदलायचा असेल तर बॅकअप घ्या, कारण स्क्रीनशॉट खोटा आहे असं म्हटलं की मूळ फोनच दाखवावा लागतो.

बाई स्वतः देऊ शकत नसेल तर दुसरं कोणी देऊ शकतं. शारीरिक कारणाने जमत नसेल तर नातेवाईक, मित्रमैत्रीण, सहकारी, महिला आयोगाचा अधिकारी, किंवा तिच्या लेखी संमतीने घटना माहीत असलेलं कोणीही. मानसिक स्थितीमुळे जमत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा पालकही. बाई हयात नसेल तर तिच्या वारसाच्या लेखी संमतीने, घटना माहीत असलेली व्यक्ती.

समिती धड आहे का ते आधी बघा

अध्यक्ष त्या ठिकाणची वरिष्ठ पदावरची बाई, कर्मचाऱ्यांमधले किमान दोन सदस्य, एक बाहेरचा सदस्य जो स्वयंसेवी संस्थेतला किंवा या विषयाची जाण असलेला, आणि एकूण निम्म्या तरी बायका. मुदत तीन वर्षांपर्यंत. समितीचा आदेश कंपनीत दिसेल अशा जागी लावलेला असायला हवा.

हे तांत्रिक वाटतं पण याचा फटका तक्रारदारालाच बसतो. बाहेरचा सदस्य नेमलेलाच नाही, किंवा तीन वर्षं उलटून गेली तरी जुनीच समिती चालू, अशा समितीने तुमच्या बाजूने अहवाल दिला तरी समोरचा कोर्टात जाऊन समितीच बेकायदा होती म्हणतो, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून तक्रार देतानाच आदेशाची प्रत मागा. सुनावणीलाही अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत, त्याच्याखाली घेतलेली बैठक धरू नका.

तक्रार गेल्यावर घड्याळ

६ जुलैला, सोमवारी, तक्रार मिळाली. समितीने कामाच्या सात दिवसांत एक प्रत सुपरवायझरला द्यायची. पाच दिवसांचा आठवडा धरला आणि मधे सुट्टी नसली तर १५ जुलै. त्याला मिळाल्यापासून कामाच्या दहा दिवसांत त्याने उत्तर द्यायचं, कागदपत्रं आणि साक्षीदारांच्या यादीसकट, म्हणजे १५ ला मिळाली तर २९ जुलै. इथे सुट्ट्या मोजत नाहीत, पुढच्या मुदतींत मात्र सरसकट दिवस धरतात, हा फरक लक्षात ठेवा.

दरम्यान तिला त्याच्याच हाताखाली काम करायचंय. यासाठी अंतरिम दिलासा असतो, पण तो आपोआप मिळत नाही, तिने लेखी मागायचा. तिची किंवा त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा जी तिच्या हक्काच्या रजेतून वजा होत नाही, आणि तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहायचा नाही अशी सूचना. समिती शिफारस करते, अंमल मालकाने करायचा. माझा अनुभव असा की बदली म्हटलं की एचआरला बाईलाच हलवणं सोपं वाटतं. तुम्हाला नको असेल तर अर्जातच लिहा की बदली त्याची करा.

चौकशी सुरू व्हायच्या आधी तडजोडीचा रस्ताही आहे, पण फक्त बाईने मागितला तरच, समितीने सुचवायचा नाही. पैशावर तडजोड करता येत नाही. लेखी माफी, परत संपर्क नाही, टीम बदलणं असं काही ठरलं तर ते नोंदवून दोघांना प्रती देतात आणि चौकशी थांबते. त्याने अटी मोडल्या तर तिने समितीला कळवायचं, चौकशी पुढे चालू.

आपल्या मुलीला तडजोड नकोय. मग चौकशी, आणि ती ९० दिवसांत संपवायची. कधीपासून ९० हे कायद्यात नेमकं लिहिलेलं नाही, तक्रार मिळाल्यापासून धरणं सगळ्यात सुरक्षित. ६ जुलैपासून ९० दिवस म्हणजे ४ ऑक्टोबर, तो रविवार, २ ला गांधी जयंती, म्हणजे खरं तर १ ऑक्टोबरच्या आत आटपलं पाहिजे. समितीवर बसणाऱ्यांनी पहिल्याच बैठकीत असं कॅलेंडर काढून ठेवावं, नाहीतर गणपती येतात, माणसं गावाला जातात आणि महिना कुठे गेला कळत नाही.

सुनावणीत काय होतं

समितीला कोणाला बोलवायचं, शपथेवर विचारायचं, कागद मागवायचे हे दिवाणी कोर्टासारखे अधिकार आहेत. पण ते कोर्ट नाही, वकील आणता येत नाही, दोन्ही बाजूंना नाही. दोघांचे जबाब, साक्षीदार, मग एकमेकांचे जबाब वाचून त्यावर प्रश्न. उलटतपासणीला दोघांना समोरासमोर बसवायची गरज नसते, प्रश्न लेखी घेऊन समितीने विचारले तरी चालतं, आम्ही तसंच करतो. शक्यतेच्या कसोटीवर, म्हणजे कोणाचं म्हणणं जास्त पटण्याजोगं आहे ते बघून, समिती निष्कर्ष काढते. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा लागत नाही. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणणार.

सलग तीन सुनावण्यांना कोणी सबळ कारणाशिवाय आलं नाही तर समिती एकतर्फी निर्णय देऊ शकते किंवा तक्रारच बंद करू शकते, पण त्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. हे तक्रारदारालाही लागू आहे हे विसरू नका, कंटाळून जाणं बंद केलं तर तक्रार बंद होऊ शकते.

समित्या दोन टोकांना चुकतात. एक तर ढकलत राहतात, नाहीतर ९० दिवस भरत आले म्हणून धावपळ करतात. गोवा विद्यापीठाच्या केसमध्ये, हा कायदा यायच्या आधी, अशीच धावपळ झाली. २००९ साली विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी दिल्या, समितीने शेवटच्या टप्प्यात पाठोपाठ बैठका लावल्या, त्याला बाजू मांडायला पुरेसा वेळ दिला नाही आणि तिच्या अहवालावरून विद्यापीठाने त्याला बडतर्फ केलं. १२ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने ही कारवाई रद्द करून प्रकरण परत समितीकडे पाठवलं. चौदा वर्षांनी. त्या मुलींचा विचार करा. त्यामुळे समोरच्याने कागद मागितला, वाजवी मुदत मागितली तर देणं हे त्याच्यावर उपकार नाहीत, ते अहवाल टिकावा म्हणून आहे. आणि ९० दिवस उलटले म्हणून चौकशी आपोआप रद्द होत नाही, पण उशीर का झाला ते प्रत्येक बैठकीच्या नोंदीत लिहून ठेवायला हवं.

बघा गंमत, बाईच्या सहा महिन्यांना कोर्ट एक दिवसही वाढवून देत नाही आणि समितीचे ९० दिवस लांबले तर चालवून घेतात. मला हे पटत नाही, पण आजची स्थिती अशी आहे.

अहवाल आणि त्यानंतर

समजा चौकशी शुक्रवारी २५ सप्टेंबरला संपली. दहा दिवसांत, ५ ऑक्टोबरपर्यंत, अहवाल मालकाकडे, आणि दोन्ही पक्षांनाही मिळायला हवा. "गोपनीय आहे, देता येणार नाही" असं तक्रारदाराला सांगतात ते चूक. मालकाने ६० दिवसांत शिफारशींवर कारवाई करायची, म्हणजे ४ डिसेंबरपर्यंत. आरोप सिद्ध झाला तर लेखी माफीपासून ताकीद, बढती किंवा पगारवाढ रोखणं, समुपदेशन, समाजसेवा, नोकरीवरून काढणं इथपर्यंत शिफारस होऊ शकते, आणि त्याच्या पगारातून कापून तिला भरपाई. भरपाई ठरवताना मानसिक त्रास, करिअरचं नुकसान, औषधपाण्याचा खर्च आणि त्याची आर्थिक ऐपत बघतात, म्हणून डॉक्टरची बिलं, गमावलेल्या संधीचे कागद आधीच फाइलला लावा.

सिद्ध झालं नाही तर? "खोटी तक्रार केली म्हणून तुझ्यावर कारवाई होईल" ही धमकी खूप चालते. कायद्यात साफ लिहिलंय की केवळ पुरावा देता आला नाही म्हणून कारवाई होत नाही. मुद्दाम खोटं, आकसाने, किंवा बनावट कागद देऊन तक्रार केली हे वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावं लागतं.

अहवाल पटला नाही, किंवा मालकाने काहीच केलं नाही, तर दोघांपैकी कोणालाही ९० दिवसांत अपील करता येतं. ५ ऑक्टोबरच्या शिफारशीवर मोजलं तर ३ जानेवारी २०२७. सरकारी नोकरी असेल तर सेवानियमांप्रमाणे, खासगीत स्टँडिंग ऑर्डर्सच्या तरतुदींखाली नेमलेल्या अपील अधिकाऱ्याकडे. कंपनीच्या ६० दिवसांची वाट बघत बसलात की अपिलाचे दिवसही तेवढेच कमी होतात, ते वेगळे सुरू होत नाहीत.

पोलिसांचं काय, हे सगळ्यात शेवटी विचारतात. समिती आणि पोलीस हे दोन वेगळे रस्ते आहेत, दोन्हींवर एकाच वेळी जाता येतं, एक संपेपर्यंत दुसरा थांबत नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं आहे, तिला एफआयआर करायचा असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे. समितीची तीन महिन्यांची मुदत पोलिसांकडच्या तक्रारीला लागू नाही, त्यामुळे समितीचा दरवाजा बंद झालेल्या बाईलाही ठाण्यात जाता येतं.

तक्रार, नावं, पत्ते, चौकशीतलं काहीही बाहेर सांगायचं नाही, माहिती अधिकारातही ते मिळत नाही, आणि गोपनीयता मोडणाऱ्याला सेवानियमांत काही नसेल तर ५,००० रुपये दंड आहे. समितीच नेमली नाही तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड, परत तीच चूक केली तर दुप्पट, आणि लायसन्सही जाऊ शकतं. एचआर टाळाटाळ करत असेल तर समितीच्या आदेशाची प्रत मागणारा एक ईमेल मालकाला टाका आणि त्यात या दंडाचा उल्लेख करा, पण उत्तराची वाट बघताना आपली तीन महिन्यांची तारीख जाऊ देऊ नका. ती जवळ आली असेल तर त्याच दिवशी तक्रार मालकाला, असतील त्या सदस्यांना आणि स्थानिक समितीला, तिघांनाही पाठवून पोच ठेवून द्या.